हीटमॅपमधली तिरपी रेघ

दुकानाचा गल्ला किती भरला हे संध्याकाळी कळतं. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण या महिन्यात परत आले, हे मात्र गल्ला सांगत नाही. जुनी गिऱ्हाइकं गळत असतील आणि नवी त्याहून जास्त येत असतील, तर विक्रीचा आकडा वाढताच दिसतो आणि गळती झाकली जाते. ती उघडी पडावी म्हणून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्या एक रंगीत तक्ता काढतात. त्याचं नाव कोहॉर्ट रिटेन्शन हीटमॅप. एका महिन्यात पहिली खरेदी केलेल्या ग्राहकांची एक तुकडी, प्रत्येक तुकडीची एक ओळ, आणि ओळीतल्या प्रत्येक चौकोनात त्या तुकडीतले किती टक्के ग्राहक त्यानंतरच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात पुन्हा आले, हा आकडा. टक्के जास्त तितका रंग गडद.

तक्ता दिसायला सोपा असतो, आणि म्हणूनच तो घाईने वाचला जातो. तो नीट कसा वाचायचा, हे एका खऱ्या दुकानावरून पाहू. ब्रिटनमध्ये भेटवस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाची 1 डिसेंबर 2010 ते 9 डिसेंबर 2011 या काळातली बिलं ‘यूसीआय मशीन लर्निंग रिपॉझिटरी’ या सार्वजनिक संग्रहात Online Retail या नावाने ठेवलेली आहेत. हे विषय शिकणारे जगभरचे विद्यार्थी याच बिलांवर हात बसवतात. बिलांच्या एकूण 5,41,909 नोंदी आहेत. त्यांतल्या सुमारे 1,35,000 नोंदींपुढे ग्राहक क्रमांकच नाही. कोण परत आलं हे त्यांवरून ठरवता येत नाही, म्हणून त्या बाजूला ठेवाव्या लागतात. उरतात 4,372 ग्राहक.

तक्ता बनवण्याची रीत अशी. प्रत्येक ग्राहकाचं सर्वांत पहिलं बिल शोधायचं; त्या बिलाचा महिना ही त्याची तुकडी. मग त्याच्या प्रत्येक पुढच्या बिलाचा महिना घ्यायचा आणि तुकडीच्या महिन्यापासून तो कितवा, हे मोजायचं. मार्चमध्ये पहिली खरेदी करणाऱ्याने जूनमध्ये पुन्हा घेतलं, तर तो मार्चच्या ओळीत तिसऱ्या महिन्याच्या चौकोनात मोजला जातो. जूनमध्ये त्याची पाच बिलं असली तरी माणूस एकच धरायचा. शेवटी प्रत्येक चौकोनातल्या माणसांना तुकडीच्या मूळ संख्येने भागायचं. शून्याव्या महिन्याचा स्तंभ अर्थातच सगळीकडे 100 टक्के येतो, आणि तो रंगवूच नये असं माझं मत आहे. तो रंगवला की सगळा गडदपणा तोच खातो आणि 20 टक्के व 30 टक्के यांतला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो.

आता पहिली ओळ वाचू. डिसेंबर 2010च्या तुकडीत 948 ग्राहक आहेत. त्यांतले 362 जानेवारीत आले, म्हणजे 38.2 टक्के. फेब्रुवारीत 317 आले, मार्चमध्ये 367. आकडा घटला आणि पुन्हा वाढला. याचाच अर्थ, 38 टक्के आले म्हणून बाकीचे 62 टक्के कायमचे गेले, असं म्हणता येत नाही. चौकोन एवढंच सांगतो की त्या महिन्यात या तुकडीतल्या इतक्या जणांच्या नावावर बिल फाटलं. फेब्रुवारीचे 317 आणि मार्चचे 367 यांत सारखे किती आणि वेगळे किती, हे या तक्त्यात कुठेच नाही. महिन्याचं वर्गणीशुल्क घेणाऱ्या सेवेत गेलेला ग्राहक बहुधा गेलेलाच असतो, तिथे ओळ उतरतच जाते. भेटवस्तूंच्या दुकानात ग्राहक दोन महिने गप्प राहून तिसऱ्या महिन्यात परत येऊ शकतो. शिवाय या दुकानाचे बरेच ग्राहक स्वतः घाऊक व्यापारी आहेत. माल संपला की ते परत येतात. म्हणून इथली ओळ शून्याकडे उतरत नाही. जवळजवळ सपाट, वरखाली होत राहते.

या पहिल्या ओळीचा रंग साऱ्या तक्त्यात सर्वांत गडद आहे. जानेवारी 2011च्या तुकडीचा पहिल्या महिन्याचा आकडा 24.0 टक्के, फेब्रुवारीचा 24.7, मार्चचा 19.1. डिसेंबरच्या 38.2पुढे हे फिके वाटतात आणि कुणीही म्हणेल, की डिसेंबरमध्ये दुकानाने काहीतरी खास केलं होतं, ते पुन्हा करावं. पण कारण दुकानात नाही, नोंदींत आहे. नोंदी 1 डिसेंबर 2010 पासून सुरू होतात. त्याआधी वर्षानुवर्षं येणारा ग्राहकसुद्धा डिसेंबरमध्ये आला, की या हिशेबात ‘नवा’ ठरतो. त्यामुळे ही तुकडी नव्यांची नाहीच. तिच्यात जुने, टिकलेले ग्राहक मिसळलेले आहेत, आणि टिकलेलेच अधिक परत येतात. जानेवारीच्या तुकडीतही अशी थोडी भेसळ असणार, कारण जुना ग्राहक डिसेंबर चुकवून जानेवारीत उगवलेला असू शकतो. म्हणून कोणताही हीटमॅप हातात आला, की वरची ओळ वाचण्याआधी नोंदी कधीपासूनच्या आहेत हे विचारावं. नोंदींची सुरुवात आणि पहिली तुकडी एकच असेल, तर ती ओळ तुलनेतून काढून टाकावी. सरासरीत तर ती मुळीच धरू नये, कारण 948 हा आकडा इतर प्रत्येक तुकडीच्या दुपटीहून मोठा आहे आणि सगळी सरासरी तो आपल्याकडे ओढतो.

आता तक्त्याच्या तळाकडे येऊ. शेवटच्या पाच तुकड्या अशा आहेत. आकडे टक्क्यांत आहेत.

| तुकडी (2011) | ग्राहक | महिना 1 | महिना 2 | महिना 3 | महिना 4 | महिना 5 |
|---|---|---|---|---|---|---|
| जुलै | 191 | 20.9 | 20.4 | 23.0 | 27.2 | 11.5 |
| ऑगस्ट | 167 | 25.1 | 25.1 | 25.1 | 13.8 | |
| सप्टेंबर | 298 | 29.9 | 32.6 | 12.1 | | |
| ऑक्टोबर | 352 | 26.4 | 13.1 | | | |
| नोव्हेंबर | 321 | 13.4 | | | | |

पुष्कळ जण असा तक्ता उभा वाचतात, आणि ते योग्यही आहे. पहिल्या महिन्याचा स्तंभ वरून खाली वाचला की नव्या तुकड्या जुन्यांपेक्षा बऱ्या टिकतात का, ते समजायला हवं. इथे जुलै 20.9, ऑगस्ट 25.1, सप्टेंबर 29.9. सुधारणा दिसते. ऑक्टोबरला किंचित उतार आणि नोव्हेंबरला थेट 13.4. अशा स्तंभावर बैठकीत अर्धा तास सहज जातो: सप्टेंबरच्या जाहिरातीचं कौतुक होतं आणि नोव्हेंबरमध्ये कुणाचं काय चुकलं, याचा शोध सुरू होतो.

तोच तक्ता तिरपा वाचा. नोव्हेंबरच्या 13.4पासून वर उजवीकडे जा: 13.1, 12.1, 13.8, 11.5. ही सारी घरं वेगवेगळ्या तुकड्यांची आणि वेगवेगळ्या वयाची आहेत, पण कॅलेंडरवर ती एकाच महिन्याची आहेत, डिसेंबर 2011ची. ही रेघ पुढेही तशीच फिकी जाते: मार्चच्या तुकडीत 8.9, फेब्रुवारीत 9.2. सगळ्या तुकड्यांनी एकाच महिन्यात पाठ फिरवावी, असं तुकडीतल्या दोषामुळे घडत नाही. नोंदी 9 डिसेंबरला संपतात. महिन्याचे फक्त नऊ दिवस मोजले गेले आणि त्यांना पूर्ण महिन्याच्या शेजारी बसवलं गेलं, एवढंच झालं आहे. नोव्हेंबरच्या तुकडीच्या वाट्याला पहिला म्हणून जो महिना आला, तो हाच अर्धवट डिसेंबर. अर्धवट महिन्याची रेघ तक्त्यात ठेवायचीच नसते. ठेवली, तर राखाडी करावी.

तिच्या अलीकडची रेघ 26.4, 32.6, 25.1, 27.2 अशी आहे. हा नोव्हेंबर. वरच्या ओळींत जून 33.6, मार्च 28.9, जानेवारी 36.8, आणि डिसेंबर 2010च्या तुकडीत तर बरोबर 50.0. ऑगस्टची ओळ तेवढी सोडली, तर प्रत्येक तुकडीत नोव्हेंबर हा ऑक्टोबरहून गडद आहे. नाताळसाठी भेटवस्तूंचा माल याच महिन्यात भरला जातो. म्हणजे ऑक्टोबरच्या तुकडीला पहिला महिना म्हणून ऐन हंगाम मिळाला, तर जुलैच्या तुकडीला पहिला महिना म्हणून ऑगस्ट. त्या दोघींची एकाच स्तंभात तुलना करणं न्याय्य नाही.

मग सप्टेंबरची तुकडी खरोखर चांगली होती का? हे पाहायला तिला त्याच कॅलेंडर महिन्यात इतरांशेजारी उभं करावं. तिचा 29.9 हा आकडा ऑक्टोबरचा आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये मार्च ते ऑगस्ट या सहा तुकड्या 23 ते 25 टक्क्यांच्या घरात आहेत. म्हणजे सप्टेंबरची तुकडी थोडी वर आहे, आणि हा फरक हंगामाने पुसला जात नाही. त्यातली काही माणसं मात्र महिन्याच्या सीमेमुळे मोजली गेलेली असतील: 29 सप्टेंबरला पहिली खरेदी आणि 2 ऑक्टोबरला राहिलेली वस्तू, असं झालं तरी तो ग्राहक ‘पुढच्या महिन्यात परतलेला’ ठरतो. शंका असेल तर कॅलेंडर महिन्याऐवजी पहिल्या खरेदीपासून तीस-तीस दिवस मोजून तक्ता पुन्हा काढावा. ऑगस्टच्या 25.1वरही फार बोलू नये. 167 जणांच्या तुकडीत पाच माणसं इकडची तिकडे झाली, की तीन टक्के हलतात. म्हणून प्रत्येक ओळीपुढे माणसांची संख्या लिहिलेली असलीच पाहिजे. ती नसलेला हीटमॅप मी विश्वासाने वाचत नाही.

आणखी एक गाळणी राहिली. या बिलांत माल परत केल्याच्या नोंदीही आहेत. त्यांच्या बिल क्रमांकाची सुरुवात C या अक्षराने होते. त्या काढल्या नाहीत, तर वस्तू नापसंत पडून परत करणारा माणूस ‘परत आलेला ग्राहक’ म्हणून मोजला जातो. त्या काढल्यावर पहिली तुकडी 948ची 885 होते आणि तिचा पहिला महिना 38.2ऐवजी 36.6 टक्क्यांवर येतो.

आपल्याकडे हा तक्ता काढणाऱ्यांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. नाताळ दरवर्षी एकाच तारखेला येतो, दिवाळी नाही. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 साली 21 ऑक्टोबरला. मिठाई, कपडे किंवा दागिने विकणाऱ्याच्या तक्त्यात दिवाळीची गडद रेघ त्यामुळे एका वर्षी एका महिन्यावर, तर दुसऱ्या वर्षी त्याच्या अलीकडच्या महिन्यावर पडते. गेल्या नोव्हेंबरशी या नोव्हेंबरची तुलना करून ग्राहक तुटले असं ठरवण्याआधी पंचांग उघडावं.

त्या ब्रिटिश दुकानापुरता माझा निष्कर्ष असा: पहिली ओळ आणि शेवटची रेघ वगळली, तर नव्या तुकड्यांतले साधारण पाचातला एक ते तिनातला एक ग्राहक कोणत्याही महिन्यात खरेदी करतो, आणि वर्षभरात ते प्रमाण घसरल्याचा पुरावा या तक्त्यात नाही. पहिल्या 948 जणांत खरे नवे किती होते, हेही शोधता येतं. त्याच दुकानाच्या 1 डिसेंबर 2009 पासूनच्या नोंदी त्याच संग्रहात Online Retail II या नावाने मोफत उपलब्ध आहेत. ज्यांना स्प्रेडशीट किंवा थोडं प्रोग्रामिंग येतं, त्यांनी तो तक्ता स्वतः काढून डिसेंबर 2010ची ओळ पुन्हा वाचावी.