अधिकारबदल व टोकन
संगणकप्रणालीत वापरकर्त्याची भूमिका बदलली, तरी त्याचे जुने अधिकार काही काळ टिकून राहू शकतात. प्रवेशाच्या वेळी सर्व्हर त्याला सही केलेले टोकन देतो व त्यात भूमिका आणि मुदत नोंदविलेली असू शकते. पुढील विनंत्यांत बहुधा सही व मुदत एवढेच तपासले जाते. मूळ नोंद पाहिली जात नाही. उदा., १०·०० वाजता तासाभराचे टोकन मिळालेल्या व्यवस्थापकाची भूमिका १०·१० वाजता काढली, तरी ११·०० पर्यंत तो व्यवस्थापकच ठरतो. टोकनातील `iat` हा निर्मितिकाल बदलापूर्वीचा असल्यास कारण उघड होते. सत्रात साठविलेली भूमिकाही अशीच जुनी राहते. मात्र सत्राची नोंद सर्व्हरवर असल्यास ती तत्काळ पुसता येते. टोकन वापरकर्त्याच्या हाती असल्याने त्याची मुदत अल्प ठेवावी लागते किंवा रद्द टोकनांची यादी तपासावी लागते.