तापाआधी वाढणारी नाडी
आमच्या वस्तीतील एक सफाई कामगार भगिनी रोज पहाटे उठण्यापूर्वी, चहाआधी, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजतात व आकडा कॅलेंडरवर लिहितात. एरवी तो ६८ च्या आसपास. यंदा पावसाळ्यात तो ७१, ७४, ७८ असा चढला. अंग मात्र गार. आम्ही पायाची जुनी जखम पाहायला सांगितली. आत पू झाला होता. त्याच संध्याकाळी ताप भरला. शरीर जंतूंशी झुंजू लागले की हृदय जलद चालते. जागरणाने, उकाड्यानेही नाडी वाढते, पण विश्रांतीनंतर ती बहुधा उतरते. टायफॉइडमध्ये मात्र ताप असूनही ती त्या मानाने कमी राहू शकते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तिला दाबून ठेवतात. तेथे थर्मामीटरच लावावा.