झोप लागत नाही की टिकत नाही?

अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडू लागते. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. शरीराचे घड्याळ ते हेच. त्यांच्यावरच्या एमटी-१ आणि एमटी-२ या ग्राहींना मेलाटोनिन चिकटले की घड्याळाला कळते, रात्र झाली. हाच निरोप देणारी पण मेलाटोनिनपेक्षा वेगळी रसायने औषध कंपन्यांनी घडवली. रॅमेल्टिऑन हे त्यांतले एक. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली.

गैरसमज : रॅमेल्टिऑन म्हणजे महागडे मेलाटोनिनच.

वस्तुस्थिती : ग्राही तेच, पण रेणू वेगळा आहे आणि तो त्या ग्राहींना मेलाटोनिनपेक्षा घट्ट धरतो. खरा फरक भरवशाचा आहे. रॅमेल्टिऑनच्या गोळीत ठरलेले ८ मिलिग्रॅम औषध असते. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकले जाते, त्यामुळे त्यावर औषधांइतकी कडक तपासणी नसते. तिथे २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्यांची २५ उत्पादने तपासली, तेव्हा २२ उत्पादनांवरचा आकडा चुकीचा निघाला. एकात तर मेलाटोनिन नव्हतेच. सर्वाधिक निघाले तिथे ते लिहिल्याच्या तिपटीहून जास्त होते.

गैरसमज : ही झोपेची गोळी आहे, म्हणजे सवय लागणारच.

वस्तुस्थिती : झोल्पिडेमसारख्या गोळ्या मेंदूला गुंगी आणतात. रॅमेल्टिऑन घड्याळाचा जागे ठेवणारा संकेत मंद करते. गुंगीच्या औषधांचे व्यसन पूर्वी असलेल्यांना ते नेहमीच्या २० पट मात्रेत देऊन पाहिले, तरी त्यांना नकली गोळीपेक्षा वेगळी ‘किक’ जाणवली नाही. म्हणून अमेरिकेत ते नियंत्रित औषधांच्या यादीत नाही. पण या सौम्यपणाची दुसरी बाजूही आहे. झोप लागायला लागणारा वेळ यामुळे साधारण काही मिनिटांनीच कमी होतो. लाभ पुरेसा सिद्ध झाला नाही, असे युरोपच्या औषध नियामकांचे मत पडल्यावर कंपनीने २००८ मध्ये तिथला अर्ज मागे घेतला.

गैरसमज : निद्रानाश कोणताही असो, हे चालते.

वस्तुस्थिती : तीन माणसे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बाई साडेदहाला अंथरुणावर पडतात, बारापर्यंत कूस बदलत राहतात. एकदा डोळा लागला की मात्र सकाळपर्यंत उठत नाहीत. रॅमेल्टिऑन अशांसाठीच आहे. पूर्वी व्यसन होते किंवा गुंगीच्या गोळीने रात्री तोल जाण्याची भीती आहे, अशांच्या बाबतीत डॉक्टर त्याचा विचार आधी करू शकतात. दुसरे गृहस्थ दहाला झोपतात आणि तीनला टक्क जागे होतात. रॅमेल्टिऑनचा अंश रक्तातून काही तासांतच उतरतो, त्यामुळे त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही.

तिसरा, पहाटे तीनला झोपून अकराला उठणारा विद्यार्थी. त्याची झोप चांगली आहे, घड्याळ मागे पडलेले आहे. त्याच्यासाठी साधे मेलाटोनिन बरे. पण तो झोपताना १० मिलिग्रॅम घेतो आणि तिथेच चुकतो. घड्याळ अलीकडे ओढायचे तर अर्ध्या मिलिग्रॅमएवढी अल्प मात्रा, नेहमीच्या झोपेच्या कित्येक तास आधी, संध्याकाळी घ्यावी लागते. इथे गोळीच्या मात्रेपेक्षा तिची वेळ महत्त्वाची.

याच कुटुंबातले टॅसिमेल्टिऑन आणखी वेगळ्या लोकांसाठी आहे. प्रकाश अजिबात न जाणवणाऱ्या काही अंध व्यक्तींचे घड्याळ रोज थोडे थोडे मागे पडत जाते आणि काही आठवड्यांनी रात्रीचा दिवस होतो. अमेरिकेत २०१४ मध्ये या विकारावर त्याला मान्यता मिळाली. ॲगोमेलॅटिनही याच ग्राहींवर काम करते, पण ते नैराश्यावरचे औषध आहे आणि त्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

गैरसमज : नैसर्गिक संप्रेरकासारखे आहे, मग धोका कसला?

वस्तुस्थिती : रॅमेल्टिऑन मुख्यतः यकृतातल्या एका विकरामुळे विघटित होते. मंत्रचळावर दिले जाणारे फ्लुवॉक्झामिन तेच विकर रोखते. दोन्ही एकत्र घेतल्यास रॅमेल्टिऑनचे रक्तातले प्रमाण सुमारे १९० पट वाढल्याची नोंद आहे. त्यामुळे ही जोडी पूर्ण वर्ज्य. यकृताचा गंभीर आजार असल्यासही हे औषध देत नाहीत. तेलकट, तुपकट जेवणावर लगेच घेतले तर ते उशिरा चढते. ते झोपण्याआधी अर्ध्या तासात घ्यायचे आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत तीन वेळा टिपून ठेवा : अंथरुणावर पडल्याची, अंदाजे झोप लागल्याची आणि अखेरची जाग आल्याची. सोबत चालू गोळ्यांची यादी न्या. यांतले कोणते औषध आपल्याला लागू पडेल, की कोणतेच नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवू शकतील.