यादीतले वळणदार अवतरण

एका छोट्या ग्रंथालयाची पुस्तकयादी वर्डमध्ये टाइप झाली आहे. आता ती सीएसव्ही फाइलमध्ये न्यायची आहे, म्हणजे अशा साध्या मजकुरात, जिथे प्रत्येक ओळ ही एक नोंद असते आणि स्वल्पविराम रकाने वेगळे करतो. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर त्यातली एक ओळ अशी दिसते:

```
12,“पानिपत”,“फाटके पान, बांधणी सैल…”
```

माणसाला इथे तीन रकाने दिसतात: क्रमांक, पुस्तक आणि शेरा. संगणक मात्र चार मोजतो. ‘फाटके पान’ तिसऱ्या रकान्यात बसते, ‘बांधणी सैल’ चौथ्यात जाते आणि पुस्तकाचे नाव अवतरणचिन्हांसकट साठवले जाते.

सीएसव्हीचा नियम सोपा आहे. रकान्याच्या आत स्वल्पविराम असेल, तर तो मजकूर दुहेरी अवतरणात ठेवायचा. पण हे अवतरण म्हणजे कीबोर्डवरचे सरळ, उभे चिन्हच. संगणकाच्या लेखी त्याचा क्रमांक ३४. वर्डने उमटवलेल्या वळणदार जोडीचे क्रमांक ८२२० आणि ८२२१. डोळ्यांना ही भावंडे वाटली, तरी फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती ‘क’ किंवा ‘ख’सारखीच साधी अक्षरे असतात. जेसन फाइलचे दुखणेही हेच. तिथे तर ओळ चुकीची वाचली जाण्याऐवजी सगळी फाइलच नाकारली जाते.

टाइप करणाऱ्याने ही चिन्हे मुद्दाम घातलेली नसतात. सरळ अवतरण टाइप होताच वर्ड ते छपाईला शोभेल असे वळवतो, दोन छोट्या रेघा जोडून लांब डॅश करतो आणि तीन टिंबे ओळीने आली की त्यांच्या जागी एकच चिन्ह ठेवतो. म्हणून दुरुस्ती वर्डमध्येच करू गेल्यास हात टेकावे लागतात: ‘बदला’ म्हणून सरळ अवतरण दिले, तरी वर्ड ते पुन्हा वळवतो. आधी ती सोय बंद करावी, नाहीतर हे काम नोटपॅडमध्ये करावे.

यादी मोठी असेल तर पायथनमधला एवढा तुकडा पुरतो:

```
t = t.translate({8216: "'", 8217: "'",
                 8220: '"', 8221: '"',
                 8211: '-', 8212: '-', 8230: '...'})
```

वरची ओळ यातून गेली की तीन रकाने नीट जुळतात. पण यादीतली पुढची ओळ पाहा:

```
13,ययाति,"मुखपृष्ठावर “भेट” असे लिहिले"
```

इथे रकान्याच्या सीमा आधीच सरळ आहेत आणि वळणदार चिन्हे शेऱ्याचाच भाग आहेत. ती सरसकट सरळ केली, तर ‘भेट’च्या आधीच रकाना संपला असे प्रोग्रॅमला वाटते. सीएसव्हीत आतले सरळ अवतरण दोनदा लिहावे लागते, `""भेट""` असे. जेसनमध्ये त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते. त्यामुळे सीमा सरळ असलेल्या फाइलचा क्रम वेगळा: आधी पायथनच्या `csv` मॉड्यूलने रकाने वाचून घ्यायचे, मग प्रत्येक रकान्यातली चिन्हे बदलायची आणि त्याच मॉड्यूलने फाइल पुन्हा लिहायची. दुहेरी अवतरण ते स्वतःच घालते. दोन्ही प्रकारच्या ओळी मिसळल्या असतील, तर त्या डोळ्यांनी पाहून वेगळ्या कराव्या लागतात.

मराठी फाइलसाठी एक सोपा दिसणारा उपाय घातक आहे: इंग्रजी कीबोर्डवर नसलेली सगळी चिन्हे काढून टाकणारी आज्ञा. ती वळणदार अवतरणांबरोबर सगळी देवनागरीही पुसते. ‘न दिसणारी चिन्हे’ साफ करणारी आज्ञा त्याहून फसवी. काही कीबोर्डांवर ‘दऱ्या’तला अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहिला जातो. ते गेले की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. म्हणून बदलायच्या चिन्हांची यादी वरच्यासारखी छोटी आणि नेमकी हवी.

डॅशचेही तसेच. ‘१० ते १२ पाने गहाळ’ हे कोणी `10–12` असे लिहिले असेल आणि त्याचे `10-12` झाले, तर एक्सेल ती फाइल उघडताना त्याची तारीख करू शकतो. असा रकाना एक्सेलमध्ये आणताना त्याचा प्रकार ‘मजकूर’ ठेवावा लागतो.

बदल झाल्यावर तपासणी दोन गोष्टींची. प्रत्येक ओळीत रकाने सारखेच आहेत ना, हे मोजायचे; आणि मूळ प्रतीशी ताडून, त्या सात चिन्हांखेरीज आणि नव्याने आलेल्या दुहेरी अवतरणांखेरीज काही बदललेले नाही ना, हे पाहायचे. मूळ प्रत तशीच जपावी, कारण सगळी चिन्हे सरळ झाल्यावर कुठे छोटा डॅश होता आणि कुठे लांब, हे नव्या फाइलवरून कळत नाही.