टॅक्सी एक, उतरण्याची ठिकाणं तीन

मुंबई विमानतळावरून तिघांनी मिळून टॅक्सी केली. पहिला वांद्र्याला, दुसरा दादरला, तिसरा कुलाब्याला उतरणार. एकट्याने गेल्यास भाडं अनुक्रमे २४०, ४२० आणि ६०० रुपये होईल असं धरू. ६०० चे तीन समान भाग केले, तर वांद्रेकराला २०० पडतात. त्याची बचत जेमतेम ४० रुपये.

त्याहून न्याय्य रीत टप्प्यांची. वांद्र्यापर्यंतचे २४० तिघांत, म्हणजे प्रत्येकी ८०. दादरपर्यंतचे पुढचे १८० उरलेल्या दोघांत, प्रत्येकी ९०. शेवटचे १८० कुलाबेकराचे. हिशेब होतो ८०, १७० आणि ३५०. लहानमोठ्या विमानांमध्ये धावपट्टीचा खर्च वाटण्यासाठी लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये हेच सूत्र मांडलं. त्याचा पाया शॅप्लीच्या १९५३ च्या सिद्धांतात आहे.

ठिकाणं एकाच वाटेवर असतील तोवरच हे सरळ चालतं. वांद्रेकराच्या गल्लीत शिरल्याने ६० रुपये वाढले, तर ते त्यानेच द्यावेत. त्याचे १४० होतात, तरीही २४० पेक्षा कमीच. वळसा इतका मोठा असेल की वाटा एकट्याच्या भाड्यापेक्षा जास्त होईल, तर त्याने वेगळी टॅक्सी करावी.