46 ओळी आणि 136 प्रयत्न

1941 च्या उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळांतून वगळलेल्या 1,000 उमेदवार वैमानिकांच्या नोंदी मानसशास्त्रज्ञांनी तपासायला घेतल्या. का वगळलं, या रकान्यात प्रशिक्षकांनी लिहिलं होतं: उपजत उड्डाणक्षमता नाही, स्वभाव अयोग्य, निर्णयशक्ती कमी. ही कारणं वाचून त्या मुलानं विमानात नेमकं काय केलं, हे कुणालाच सांगता येईना. या कामाचे प्रमुख जॉन फ्लॅनगन आणि त्यांचे सहकारी तिथून वेगळ्या वाटेनं गेले. माणूस कसा आहे हे विचारायचंच नाही. एक खरा प्रसंग घ्यायचा आणि विचारायचं की परिस्थिती काय होती, त्यानं काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. ही पद्धत फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये सविस्तर लेख लिहून मांडली.

आज सायबर सुरक्षेच्या पहिल्यावहिल्या नोकरीसाठी मुलाखतीला बसलेल्या मुलीला ‘अनोळखी अडचणीचा तुम्ही छडा लावलात असा एखादा प्रसंग सांगा’ असं विचारतात, तेव्हा या प्रश्नामागे ती पद्धत उभी असते. आणि ‘मी मेहनती आहे, टीममध्ये चांगलं काम करते’ हे उत्तर त्या जुन्या रकान्यातल्या शेऱ्यांसारखंच आहे. फरक एवढाच, की इथे शेरा उमेदवारानं स्वतःच स्वतःला दिलेला आहे.

फ्रेशरला वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखा प्रसंगच नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये जर्नलसाठी केलेली प्रॅक्टिकल्स तेवढी आहेत. मला मात्र थक्क व्हायला होतं ते इथेच. एका साध्या प्रॅक्टिकलमध्ये इतकं काही दडलेलं असतं, की नीट उलगडलं तर मुलाखत घेणाऱ्याला त्या माणसाची विचार करण्याची पद्धत दिसते. असं एक प्रॅक्टिकल उदाहरण म्हणून घेऊ.

समजा, लॅबमधल्या एका संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन आभासी यंत्रं आहेत. एकावर काली लिनक्स, दुसऱ्यावर उबंटू सर्व्हर 22.04. दोन्ही ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्कवर, म्हणजे त्यांच्यातला एकही पॅकेट कॉलेजच्या नेटवर्कवर जाणार नाही. कालीवरून हायड्रा हे साधन वापरून उबंटूच्या एसएसएच लॉगिनवर पासवर्ड आजमावायचे. यादीत 200 शब्द आहेत आणि खरा पासवर्ड 137 व्या क्रमांकावर ठेवला आहे. एका वेळी एकच जोडणी चालू ठेवायची. हल्ला यशस्वी झाला की उबंटूची नोंदवही उघडून तो हल्ला ‘पाहायचा’.

परिस्थिती सांगायला एवढं पुरे. बहुतेक उत्तरं इथेच फसतात, कारण उमेदवार एसएसएच म्हणजे काय, काली म्हणजे काय हे समजावत बसतो आणि दोन मिनिटांतलं दीड मिनिट संपवतो. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं. त्याला हवं असतं ते एवढंच: यंत्रं कोणती, परवानगी कोणाची, आणि कुठे काहीतरी अडलं.

अडलं ते असं. 137 वा शब्द चालला, म्हणजे त्याआधीचे 136 प्रयत्न फसले असणार. पण नोंदवहीत शोधल्यावर ‘Failed password’ असलेल्या ओळी निघाल्या 46.

```
grep -c "Failed password" /var/log/auth.log
46
```

उरलेले 90 प्रयत्न गेले कुठे? जर्नल पूर्ण करायची घाई असलेला विद्यार्थी 46 लिहून मोकळा होईल. हायड्राची यादी समोर असलेली मुलगी थांबेल, आणि आकडा देणारी आज्ञा बाजूला ठेवून मूळ ओळी डोळ्यांनी वाचायला घेईल:

```
sshd[2231]: Failed password for student from 192.168.56.101 port 51514 ssh2
sshd[2231]: message repeated 5 times: [ Failed password for student from 192.168.56.101 port 51514 ssh2]
```

उबंटूमध्ये नोंदी लिहिण्याचं काम आरसिसलॉग नावाचा प्रोग्रॅम करतो, आणि लागोपाठ तीच ओळ आली की तो ती पुन्हा लिहीत नाही, किती वेळा आली तेवढं नोंदवतो. एसएसएच सर्व्हर मुळात एका जोडणीत 6 चुकीचे प्रयत्न सोसतो आणि मग जोडणी तोडतो. त्यामुळे प्रत्येक पूर्ण जोडणीमागे दोन ओळी उरतात: एक पहिल्या प्रयत्नाची आणि एक ‘आणखी 5 वेळा’ सांगणारी. 22 जोडण्यांमध्ये 132 प्रयत्न झाले, तेविसाव्या जोडणीत 4 फसले आणि पाचवा लागला. ओळी 46, प्रयत्न 136. हिशोब चोख जुळतो. मला हा क्षण फार सुंदर वाटतो. नोंदवही खोटं बोललेली नसते, आपण तिची भाषा अर्धवट वाचलेली असते.

कृती सांगायची म्हणजे हे सांगायचं. ‘लॉग्जचं विश्लेषण केलं’ हे तीन शब्द कुणीही म्हणू शकतं. ‘46 आणि 136 जुळेनात, म्हणून मी मूळ ओळी वाचल्या, तेव्हा पुनरावृत्तीची ओळ सापडली’ हे ज्यानं केलं त्यालाच सुचतं. आणि सुरक्षेच्या कामात या बारकाव्याला वजन आहे. पाच मिनिटांत 100 चुकीचे प्रयत्न झाले तर इशारा द्या, असा नियम कुणी नुसत्या ओळी मोजून लिहिला, तर असा हल्ला त्याच्या समोरून निघून जाईल. एखाद्या कंपनीच्या सुरक्षा नियंत्रण कक्षात रात्रपाळी करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य अशाच आकड्यांकडे संशयानं बघण्यात जातं, म्हणून समोरचा या वाक्याला कान टवकारतो.

लॅबमध्ये बॅच चौघांची असते, हेही विसरू नये. हायड्रा कुणी चालवलं, ओळी कुणी वाचल्या, दुरुस्ती कुणी सुचवली, हे वेगवेगळं सांगितलं तर आपला वाटा लहान दिसत नाही, उलट विश्वासार्ह दिसतो. चौघांनी मिळून सगळं केलं असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आता परिणाम. इथे माझं मत ठाम आहे: दुरुस्ती केली हा परिणाम नव्हे, दुरुस्ती चालते हे तपासून पाहिलं हा परिणाम. या प्रॅक्टिकलमध्ये तर ते उघडउघड दिसतं. दुरुस्ती सोपी वाटते. पासवर्डनं लॉगिन बंद करायचं आणि किल्लीच्या फाइलनं चालू ठेवायचं. आधी किल्ली चालते याची खात्री करायची, एक लॉगिन उघडं ठेवायचं (नाहीतर आपणच बाहेर राहू), मग `/etc/ssh/sshd_config` मध्ये `PasswordAuthentication no` लिहायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. जर्नलमध्ये निष्कर्ष लिहून झाला. पण तोच हल्ला पुन्हा चालवला, तर 137 व्या शब्दाला दार पुन्हा उघडतं!

कारण असं, की त्या फाइलच्या वरच्याच भागात दुसऱ्या एका फोल्डरमधल्या फाइली आधी वाचण्याची सूचना असते. उबंटू सर्व्हर बसवताना पासवर्डनं लॉगिन चालू ठेवलं असेल, तर त्या फोल्डरमध्ये `50-cloud-init.conf` ही फाइल असू शकते आणि तिच्यात `PasswordAuthentication yes` लिहिलेलं असतं. बहुतेक सूचनांच्या बाबतीत एसएसएच सर्व्हर पहिली भेटलेली किंमत धरतो, नंतर आलेली सोडून देतो. आपण खाली लिहिलेला नकार त्याच्या लेखी उशिरा आलेला असतो. सर्व्हर प्रत्यक्षात काय मानतोय, हे त्यालाच विचारता येतं:

```
sudo sshd -T | grep -i passwordauthentication
```

उत्तर `yes` आलं की गाठ सापडली. ती दुसरी फाइल बदलायची, सेवा पुन्हा सुरू करायची, उत्तर `no` आलेलं पाहायचं, आणि मग तिसऱ्यांदा हायड्रा. आता ते पहिल्या शब्दापर्यंतही पोहोचत नाही, `does not support password authentication` म्हणून थांबतं. मुलाखतीत परिणाम म्हणून एवढंच म्हणायचं: आधी 137 व्या प्रयत्नात प्रवेश मिळत होता, आता एकही पासवर्ड आजमावता येत नाही, आणि हे मी तोच हल्ला पुन्हा करून पाहिलं.

या एकाच प्रसंगाला किती दारं आहेत पाहा. ‘तुमची एखादी चूक सांगा’ म्हटलं, तर पहिली दुरुस्ती लागूच झाली नव्हती आणि ते दुसऱ्या चाचणीत पकडलं, इथून सुरुवात करायची. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला होता का’ असं विचारलं आणि बॅचमधल्या एकाचं म्हणणं खरोखर असं असेल, की फेल-टू-बॅन बसवून त्या आयपीला अडवलं की झालं, तर तो वाद सांगायचा. त्याचा मुद्दा बरोबर होता का, कुठवर? एका आयपीवरून येणारा हल्ला त्यानं थांबतो, शंभर आयपींवरून थोडे थोडे प्रयत्न आले तर अवघड जातं. वाद कुणी जिंकला यापेक्षा तो कशावर मिटला, हे ऐकणाऱ्याला हवं असतं. जे घडलंच नाही ते मात्र जोडू नये, कारण पुढचा प्रश्न येतोच: आकडा कुठून आणलात, कोणती आज्ञा दिलीत, त्याआधी काय करून पाहिलंत? तीन प्रश्नांनंतर रचलेली गोष्ट कोरडी पडते. घडलेल्या गोष्टीत मात्र दर प्रश्नाला नवा तपशील निघत राहतो.

लॅबच्या मर्यादाही आपणच सांगाव्यात. इथे हल्लेखोर एकच होता आणि तो कोण हे आधीच ठाऊक होतं. खऱ्या सर्व्हरवर त्याच नोंदवहीत शेकडो लोकांची खरी लॉगिन्स असतात, पासवर्ड विसरलेले कर्मचारी असतात, आणि पासवर्ड बंद करण्याआधी सगळ्यांच्या किल्ल्या तयार आहेत का ते पाहावं लागतं. ‘कंपनीत हे कसं केलं असतंत?’ या प्रश्नाला हेच उत्तर आहे, आणि त्यात आधी कळवणं, मंजुरी घेणं आणि परत फिरण्याची वाट ठेवणं येतं.

एक प्रकारचा प्रसंग मात्र कितीही रंगतदार असला तरी सांगू नये: हॉस्टेलचं वायफाय फोडलं, कॉलेजच्या पोर्टलवर दुसऱ्याचे मार्क पाहिले. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये परवानगीवाचून संगणकात शिरणं येतं, आणि ते अप्रामाणिक हेतूनं केलं असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याच्या हाती कंपनीच्या नोंदवह्यांच्या चाव्या द्यायच्या, त्याच्याबद्दल ही गोष्ट काय सांगते, हे समोरच्याला लगेच कळतं. म्हणून परिस्थिती सांगताना ‘दोन्ही यंत्रं आमचीच होती, होस्ट-ओन्ली नेटवर्कवर, सरांच्या परवानगीनं’ हे वाक्य पहिल्या वीस सेकंदांत येऊ द्यावं.