‘औषध घेतलं’ म्हणजे नेमकं काय?

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात ‘त्यानं औषध घेतलं’ असं कुणी म्हटलं, की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचा चेहरा पाहतो. तापाची गोळीही औषध आणि कपाशीवर फवारायचं तेही औषध. जुनी माणसं अजूनही कुठल्याही कीटकनाशकाला ‘एंड्रिन’ म्हणतात. फवारणीचं औषध प्यायलेला रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अन्य कुठल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचतो, विषबाधेवर उपचार होतात आणि मग तो मनोविकार विभागाकडे येतो. तिथल्या केसपेपरवर कुणी नुसतं ‘औषध घेतले’ लिहिलं, तर त्यातून पुढच्या पाळीतल्या सिस्टरला काहीच कळत नाही. मनोविकार वॉर्डाचं अर्धं काम या दोन शब्दांच्या पुढे जाण्याचं आहे.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण असे प्रसंग वॉर्डात नेहमीचे. एक्केचाळीस वर्षांचा शेतकरी, मका आणि कपाशी, डोक्यावर कर्ज, महिनाभर झोप नाही. मेडिसिन वॉर्डात चार दिवस काढून तो संध्याकाळी मनोविकार वॉर्डात आला आहे. सोबत बायको. विचारण्याआधीच तो म्हणतो, ‘आता काही नाही, चूक झाली. घरी सोडा.’

आत्महत्येबद्दल विचारायला संकोच वाटतो, कारण विचारल्यानं नसता विचार डोक्यात येईल अशी भीती असते. ती निराधार आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोलंबिया प्रश्नावलीच्या छोट्या आवृत्तीत सहा प्रश्न पायरीपायरीनं येतात. मरून जावं, झोपेतून उठूच नये असं वाटलं का? जीव द्यायचा विचार खरोखर मनात आला का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या तीन पायऱ्या: कसं करायचं याचा विचार केला का, तसं वागायचा इरादा होता का, बेत ठरवून तो पार पाडायचं मनात होतं का. ‘नाही’ असेल तर थेट सहावा प्रश्न: कधी प्रयत्न किंवा तयारी केली का, आणि ती गेल्या तीन महिन्यांत का?

आपला शेतकरी पहिल्या दोन्ही प्रश्नांना ‘आता नाही’ म्हणतो. सहाव्याला मात्र गप्प बसतो. पाच दिवसांपूर्वीची गोष्ट नाकारता येत नाही. सहा प्रश्नांपैकी याच उत्तरावर रात्रीची व्यवस्था ठरायला हवी. शिवाय प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले तर उत्तरही पुस्तकी येतं. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘कधी जीव नको झाला का? काही बरंवाईट करून घ्यावं वाटलं का?’ असं विचारल्यावर मान खाली घालतो. मग सावकाश पुढचं: घरात कुणी नसताना की सगळे असताना? आधी कुणाला काही बोललात? वाचलात याचं आज काय वाटतं? बायकोला वेगळं बसवून विचारल्यावर ती सांगते, आदल्या दिवशी त्यानं बँकेचं पासबुक मुलाच्या हाती दिलं होतं. ‘चूक झाली’ या वाक्याचं वजन आता बदलतं. रागाच्या भरात झालेली गोष्ट आणि मागचं सगळं लावून ठेवून केलेली गोष्ट यांत फरक आहे.

इथे मोह होतो तो गुण मोजून ‘धोका: कमी’ किंवा ‘धोका: जास्त’ असा शिक्का मारण्याचा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं, की अशा मोजपट्ट्या वापरून पुढच्या आत्महत्येचं भाकीत करू नका आणि माणसांना कमी, मध्यम, जास्त अशा कप्प्यांतही टाकू नका. जीव गेलेल्या अनेकांच्या कागदावर आधी ‘कमी धोका’च लिहिलेलं असतं. प्रश्नांचा उपयोग वेगळा आहे. आज रात्री या माणसासाठी काय करायचं, ते त्यातून ठरतं.

ठरतं ते असं. पलंग नर्सिंग स्टेशनच्या समोर, कोपऱ्यात किंवा बाथरूमजवळ नाही. सामान नातेवाइकांसमोर तपासून यादीसह जमा. खोलीत आणि बाथरूममध्ये इजा होऊ शकेल अशा वस्तू आणि जागा आधीच काढलेल्या किंवा बंद. बाथरूमचं दार बाहेरून उघडता येणारं. हे काम रुग्ण यायच्या आधीच, महिन्यातून एकदा, रुग्णाच्या नजरेनं खोलीत फिरून करावं लागतं. सुरक्षा म्हणजे बांधून ठेवणं मात्र नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार तात्काळ मोठी हानी टाळायला दुसरा उपाय उरला नसेल तेव्हाच शारीरिक बंधन वापरता येतं. तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि नोंद करून.

पण भिंतींपेक्षा माणसाची नजर मोठी. दर पंधरा मिनिटांनी फेरी असं ठरलं, तर ती अचूक पंधराव्या मिनिटाला नको. वेळा ओळखू आल्या तर मधली फट मोकळी राहते. धोका फार असेल तर एक माणूस सतत जवळ. आपल्याकडे ही भूमिका बहुधा नातेवाइकावर येते. त्याच्या जवळिकीचा आधार मोठा असतो, पण तो चार रात्री जागलेला असतो. ‘सिस्टर, मी जरा डबा खाऊन येतो’ म्हणून तो निघाला, की त्याच्या जागी कोण बसेल हे त्याच क्षणी ठरायला हवं. पाळी बदलतानाची वेळही अशीच नाजूक असते.

आता नोंद. ‘रुग्ण शांत, आत्महत्येचे विचार नाहीत’ या ओळीतून काहीच हाती लागत नाही. उपयोगी नोंद अशी दिसते: ‘रात्री 8.40. स्वतःच्या शब्दांत: “आता काही नाही, चूक झाली.” पाच दिवसांपूर्वी कीटकनाशक प्राशन, घरी एकटे असताना. वाचल्याबद्दल विचारल्यावर उत्तर नाही. पत्नीच्या सांगण्यानुसार आदल्या दिवशी पासबुक मुलाकडे दिले. निर्णय: सतत निरीक्षण, पलंग क्र. 2. ड्युटी डॉक्टरांना 8.55 ला कळवले. पुन्हा चौकशी सकाळी 7 वाजता.’ काय ऐकलं, कुणाकडून, त्यावरून काय ठरलं आणि पुन्हा कधी पाहायचं, एवढं त्यात असलं की रात्रीची सिस्टर कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. चूक झाली तर एक रेघ मारून सही आणि वेळ. पांढरा रंग लावायचा नाही. निरीक्षण तक्त्यावर 10.00, 10.15, 10.30 अशा सरळ वेळा एकाच पेनानं, एकाच हातानं उतरल्या असतील, तर तो तक्ता फेऱ्या मारून नव्हे, खुर्चीत बसून भरला आहे हे अनुभवी डोळ्याला लगेच कळतं.

रुग्ण बोलत नाही त्यामागे पोलिसांची भीतीही असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 115 नं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर जुन्या दंड संहितेतलं कलम 309 ही उरलं नाही. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, पण त्याचा अर्थ गुन्हा असा नाही. हे त्याला सांगावं आणि सांगितल्याचंही लिहावं.

डिस्चार्जनंतरचे पहिले दिवस वॉर्डातल्या दिवसांइतकेच जपण्याचे असतात. म्हणून शेवटचा कागद घरासाठी: मन बिघडू लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा. त्यात टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक हवाच. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. आणि या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ: फवारणीचं औषध घरात राहणार नाही, भावाच्या घरी कुलपात, किल्ली भावाकडे. ही ओळ लिहिताना भावाला समोर बसवून त्याच्या तोंडून ‘हो’ ऐकायचं आणि त्याचाच फोन नंबर खाली टिपायचा. तीन दिवसांनी वॉर्डातून फोन जातो, तेव्हा तब्येतीची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न हाच असतो: किल्ली कुणाकडे आहे?